तहहयात पेन्शनची आजची किंमत

१६९३ च्या जानेवारीत इंग्लंडच्या पार्लमेंटने फ्रान्सशी चाललेल्या युद्धाचा खर्च भागवण्यासाठी दहा लाख पौंड उभे करायचा कायदा केला. लोकांकडून पैसा घेण्याचा त्यातला एक मार्ग असा होता: सरकारला १०० पौंड द्या आणि एखाद्या व्यक्तीचं नाव नोंदवा. ती व्यक्ती हयात असेपर्यंत दरसाल १४ पौंड मिळत राहतील. ती गेली की व्यवहार संपला, मुद्दल परत नाही. म्हणजे वर्षाला एक पौंड तहहयात हवा असेल, तर आज साधारण सात पौंड मोजायचे. नाव नोंदवलेली व्यक्ती दहा वर्षांची आहे की सत्तर वर्षांची, हे सरकार विचारत नव्हतं. भाव सर्वांना एकच.

त्याच महिन्यात एडमंड हॅली या खगोलशास्त्रज्ञाचा एक निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. धूमकेतूमुळे आज आपण ज्याला ओळखतो तोच हा हॅली. निबंधाचा विषय मात्र माणसांच्या मरणाचा होता. सहा टक्के व्याजाने, दहा वर्षांच्या मुलाच्या नावावरच्या एक पौंड तहहयात पेन्शनची खरी किंमत १३.४४ पौंड येते, चाळिशीच्या माणसाची १०.५७, साठीच्या माणसाची ७.६०, आणि सत्तरीच्या माणसाची ५.३२, असं त्यात कोष्टकच दिलेलं होतं. सरकार सात पौंडांना विकत होतं. लहान मुलांच्या नावाने घेणाऱ्यांना ती वस्तू जवळजवळ निम्म्या किमतीत मिळत होती, आणि सत्तरीच्या माणसाच्या नावाने घेणारा जास्त पैसे मोजत होता. हॅलीने हे निबंधात स्पष्ट शब्दांत लिहिलं.

आज कोणतीही विमा कंपनी आपल्याकडून ठरावीक रक्कम घेऊन आयुष्यभराची पेन्शन देऊ करते, तेव्हा तिचा हिशेब हॅलीच्या त्या हिशेबाचाच वंशज असतो. तो समजायला मोठं गणित लागत नाही, शाळेतला गुणाकार आणि भागाकार पुरतो.

प्रत्येक हप्त्यावर दोन अटी

आपल्याकडे सरकारी पेन्शनरांना दर नोव्हेंबरमध्ये बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. दाखला आला की पुढची पेन्शन सुरू राहते, नाही आला की थांबते. या एका कागदात तहहयात पेन्शनचं सगळं स्वरूप आलं आहे. बँकेतल्या मुदत ठेवीचं व्याज ठेवीदार असो वा नसो, मिळायचंच असतं. पेन्शनचा हप्ता मात्र माणूस असेल तरच मिळतो.

म्हणून पुढच्या एखाद्या वर्षीच्या हप्त्याची आजची किंमत काढताना त्याला दोन कात्र्या लागतात. पहिली व्याजाची. एक वर्षाने मिळणाऱ्या १०० रुपयांची किंमत आज १०० नसते. व्याज सहा टक्के असेल, तर आज ९४ रुपये ३४ पैसे ठेवले की वर्षाने त्यांचे १०० होतात. दहा वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांसाठी आज सुमारे ५६ रुपये ठेवले तरी पुरतात. दुसरी कात्री हयातीची. दहा वर्षांनी तो हप्ता घ्यायला माणूस असण्याची शक्यता शंभरात तीस असेल, तर त्या ५६ रुपयांचेही आज फक्त तीस टक्केच धरायचे, म्हणजे जेमतेम १७ रुपये.

पुढच्या प्रत्येक वर्षाच्या हप्त्याला अशा दोन्ही कात्र्या लावायच्या आणि जे उरेल त्याची शेवटपर्यंत बेरीज करायची. ती बेरीज म्हणजे तहहयात पेन्शनची आजची किंमत. रीत एवढीच आहे. अवघड आहे ते दुसऱ्या कात्रीचं माप मिळवणं.

ब्रेस्लाऊ गावची मोजणी

हॅलीपूर्वीही या वाटेने काही जण गेले होते. हॉलंडचा मुख्य प्रशासक योहान डी विट याने १६७१ मध्ये आपल्या सरकारसाठी असाच हिशेब मांडून दाखवला होता की तरुण माणसाच्या तहहयात पेन्शनला हॉलंडचं सरकार घेतं त्यापेक्षा जास्त भाव मिळायला हवा. पण कोणत्या वयात किती माणसं मरतात, याबद्दल त्याला बरंचसं अंदाजावर विसंबावं लागलं होतं. हॅलीला खऱ्या नोंदी मिळाल्या.

त्या ब्रेस्लाऊ शहरातून आल्या. हे शहर आज पोलंडमध्ये आहे आणि त्याचं नाव व्रोत्स्वाफ आहे. तिथल्या कास्पर नॉयमान नावाच्या पाद्रीने १६८७ ते १६९१ या पाच वर्षांतले जन्म-मृत्यू, मृताच्या वयासकट, गोळा केले होते. लंडनमध्ये मृत्यूंच्या याद्या दर आठवड्याला निघत, पण त्यांत वय नसे. शिवाय लंडनमध्ये बाहेरगावचे लोक सतत येत. त्यामुळे तिथे मरणाऱ्यांची संख्या जन्मणाऱ्यांशी ताडून पाहणं शक्य नव्हतं. ब्रेस्लाऊ समुद्रापासून लांब, ये-जा कमी, आणि जन्म-मृत्यूंची संख्या जवळपास सारखी: वर्षाला सरासरी १२३८ जन्म, ११७४ मृत्यू. अशा स्थिर शहरात वेगवेगळ्या वयांचे मृत्यू मोजले, की एकाच पिढीची माणसं वयानुसार कशी कमी होत जातील याचं चित्र बरंचसं खरं निघतं.

हॅलीने त्यावरून जे कोष्टक केलं त्यात पहिल्या वर्षाच्या ओळीत १००० जण आहेत. वीस वर्षांच्या ओळीत ५९८, चाळीसच्या ओळीत ४४५, साठच्या ओळीत २४२, सत्तरच्या ओळीत १४२, आणि ऐंशीच्या ओळीत ४१. म्हणजे सत्तरीला पोचलेल्या १४२ जणांपैकी ४१ जण ऐंशी गाठतात. सत्तरीच्या माणसाने आणखी दहा वर्षं जगण्याची शक्यता ४१ भागिले १४२, म्हणजे शंभरात सुमारे २९. हयातीची शक्यता काढायची ती अशी. नंतरच्या वयाच्या ओळीतला आकडा आजच्या वयाच्या ओळीतल्या आकड्याने भागायचा.

सत्तरीच्या माणसाचा हिशेब

आता पूर्ण उदाहरण करून पाहू. वय ७०, दर वर्षाच्या शेवटी १०० पौंड तहहयात, व्याज सहा टक्के.

पहिला हप्ता वयाच्या ७१ व्या वर्षी. १४२ पैकी १३१ जण तोवर हयात, म्हणजे शक्यता ०.९२३. व्याजाचा गुणक ०.९४३. दोन्ही १०० ला लावले की ८७ पौंड. दुसरा हप्ता ७२ व्या वर्षी: १२० जण, शक्यता ०.८४५, व्याजाचा गुणक ०.८९०, उरले ७५ पौंड. असं पुढे जायचं. काही ओळी अशा:

| वय | हयात | हयातीची शक्यता | व्याजाचा गुणक | १०० पौंडांची आजची किंमत |
|---|---|---|---|---|
| ७१ | १३१ | ०.९२३ | ०.९४३ | ८७ |
| ७२ | १२० | ०.८४५ | ०.८९० | ७५ |
| ७५ | ८८ | ०.६२० | ०.७४७ | ४६ |
| ८० | ४१ | ०.२८९ | ०.५५८ | १६ |
| ८४ | २० | ०.१४१ | ०.४४२ | ६ |

७१ पासून ८४ पर्यंतच्या सगळ्या चौदा ओळींची बेरीज ४९७ पौंड येते. ८४ च्या पुढच्या वयांचे आकडे हॅलीने सुटे दिले नाहीत. ८५ ते १०० या सगळ्या वयांचे मिळून १०७ एवढीच एक संख्या दिली आहे. ती हळूहळू शून्यावर जाते असं धरलं तर तिचे आणखी सुमारे २५ पौंड. एकूण ५२२. हॅलीच्या छापील कोष्टकात सत्तरीसाठी ५.३२ म्हणजे ५३२ पौंड आहेत. लॉगॅरिदमच्या मदतीने हाताने केलेल्या शेकडो गुणाकारांत एवढा फरक पडू शकतो. पुढे मी ५२२ च धरतो, कारण ती बेरीज वाचकाला स्वतः करून पाहता येईल.

तक्ता पाहताना एक गोष्ट लक्षात घ्यावी. पहिल्या दोन हप्त्यांतच १६२ पौंड आले, म्हणजे एकूण किमतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. ८४ नंतरचे सगळे हप्ते मिळून जेमतेम २५ पौंड. शंभरी गाठणाऱ्याला विमा कंपनी आयुष्यभर कशी पोसणार, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचं उत्तर या आकड्यांत आहे. इतक्या लांबचे हप्ते थोड्याच लोकांना द्यायचे असतात, आणि तोवर व्याजाला भरपूर वेळ मिळालेला असतो.

सरासरी आयुष्याचा फसवा हिशेब

एवढा खटाटोप कशाला, सत्तरीचा माणूस सरासरी किती वर्षं जगतो ते काढावं आणि तेवढ्या वर्षांच्या हप्त्यांची किंमत करावी, असं सहज मनात येतं. हॅलीच्या कोष्टकातून ही सरासरी काढता येते. ७१ पासून पुढच्या सगळ्या ओळींची बेरीज १०५२. ती १४२ ने भागली की ७.४. म्हणजे सत्तरीच्या माणसाला सरासरी जवळजवळ साडेसात हप्ते मिळतात. सहा टक्के व्याजाने नक्की ७.४ वर्षं मिळणाऱ्या १०० पौंडांची आजची किंमत ५८४ पौंड येते. आपलं उत्तर मात्र ५२२ होतं. फरक ६२ पौंडांचा, म्हणजे सुमारे बारा टक्क्यांचा.

एकाच कोष्टकावरून दोन उत्तरं का आली? सरासरी काढताना लवकर गेलेल्याचं एक वर्ष आणि उशिरा गेलेल्याचं एक वर्ष सारखंच मोजलं जातं. पण पैशाच्या दृष्टीने ती सारखी नाहीत. ७२ व्या वर्षी गेलेल्या माणसाचे जवळचे, म्हणजे महागडे हप्ते बुडतात. ९० पर्यंत जगलेल्याला जे जास्तीचे हप्ते मिळतात ते लांबचे, म्हणजे स्वस्त असतात. या लांबच्या स्वस्त हप्त्यांनी जवळच्या महागड्या हप्त्यांची भरपाई होत नाही. त्यामुळे सरासरी आयुष्य धरून केलेला हिशेब तहहयात पेन्शनची किंमत नेहमीच जास्त दाखवतो. व्याज शून्य असेल तेव्हाच दोन्ही उत्तरं एक होतात.

दुसऱ्या बाजूनेही सरासरी फसवते. कोणी आपली रक्कम ७.४ वर्षांत संपेल अशा बेताने स्वतःच खर्च करायला घेतली, तर ७७ व्या वर्षी १४२ पैकी ६८ जण अजून हयात असतात. जवळजवळ निम्म्या लोकांचे हात थोड्याच दिवसांत रिकामे होणार. तहहयात पेन्शन विकत घ्यायची ती नेमका हा धोका टाळण्यासाठी.

गेलेल्यांचा वाटा

किमतीचा हिशेब बरोबर आहे की नाही, हे तपासायचा एक खात्रीचा मार्ग आहे. १४२ जणांनी प्रत्येकी ५२२ पौंड एका पेटीत टाकले असं धरा. एकूण ७४,१२४ पौंड. वर्षभरात सहा टक्के व्याज मिळून ७८,५७१ झाले. १३१ जण हयात आहेत, त्यांना १०० प्रमाणे १३,१०० दिले. उरले ६५,४७१. दुसऱ्या वर्षी व्याज मिळून ६९,३९९, त्यातून १२० जणांना १२,०००, उरले ५७,३९९. असंच चालवत नेलं, तर ८० व्या वर्षी ४१ जण उरतात आणि पेटीत सुमारे १५,६६० पौंड असतात. ८४ व्या वर्षी २० जण आणि सुमारे ८,१४० पौंड. शेवटचा माणूस गेला की पेटी जवळपास रिकामी.

ऐंशीच्या त्या ४१ जणांकडे जरा थांबून पाहू. प्रत्येकाने ५२२ पौंड घातले आणि दहा हप्त्यांत १००० पौंड घेतले. तरीही पेटीत प्रत्येकाच्या नावावर अजून ३८० पौंड आहेत. एकट्याने ५२२ पौंड सहा टक्क्यांनी ठेवून दरसाल १०० काढले असते, तर सातव्या वर्षीच पैसे संपले असते. मग हे जास्तीचे पैसे आले कुठून? पहिल्याच वर्षाचं पाहा. ११ जण गेले, त्यांचा वाटा पेटीतच राहिला. उरलेल्या १३१ जणांत तो वाटला गेला तर प्रत्येकाला सुमारे ४६ पौंड येतात. हा वाटा वय वाढेल तसा मोठा होत जातो, कारण वर्षाला जाणाऱ्यांचं प्रमाण वाढतं. बँकेच्या कोणत्याही ठेवीत ही कमाई नसते. तहहयात पेन्शनमध्ये व्याजाखेरीज ही दुसरी मिळकत असते, आणि ती फक्त मुद्दल सोडून देणाऱ्यांनाच मिळते. ही गोष्ट लेखाच्या शेवटी पुन्हा लागणार आहे.

किंमत कशाने हलते

पहिलं कारण व्याज. आपल्याच उदाहरणात सहाऐवजी तीन टक्के व्याज धरलं, तर ५२२ ची किंमत ६१४ होते. व्याजदर पडले की पेन्शन महाग होते, म्हणजे त्याच रकमेत कमी पेन्शन मिळते. निवृत्तीच्या वर्षी बाजारात व्याज काय आहे, याचा परिणाम पुढच्या सगळ्या आयुष्यावर राहतो, कारण एकदा विकत घेतलेल्या पेन्शनचा दर तहहयात ठरलेला असतो.

पेन्शन दरवर्षी वाढणारी असेल तरी किंमत याच दिशेने जाते. व्याज सहा टक्के आणि पेन्शन दरसाल तीन टक्क्यांनी वाढत असेल, तर वाढ व्याजाचा जवळजवळ अर्धा भाग खाऊन टाकते, आणि हिशेब सुमारे तीन टक्के व्याजाने केल्यासारखाच होतो. महागाईप्रमाणे वाढणारी जुनी सरकारी पेन्शन आणि आयुष्यभर तेवढीच राहणारी विकत घेतलेली पेन्शन यांची तुलना करताना हे विसरून चालत नाही. पहिल्या महिन्याला दोन्ही सारख्या दिसल्या, तरी त्यांच्या आजच्या किमतींत मोठं अंतर असतं.

हप्ता कधी मिळतो यानेही थोडा फरक पडतो. वर्षाच्या शेवटी एकदम १०० मिळण्याऐवजी दरमहा थोडे थोडे मिळाले, तर किंमत साधारण ४६ ने वाढते. हा ठोकताळा कोणत्याही वयाला बऱ्यापैकी लागू पडतो, कारण पैसे सरासरीने साडेपाच महिने आधी हातात येतात, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत गेलेल्यालाही काही महिन्यांचे मिळतात.

आणि जोडीदार? नवऱ्यानंतर बायकोला किंवा बायकोनंतर नवऱ्याला पेन्शन चालू राहायची असेल, तर हयातीची शक्यता बदलते. आता प्रश्न असतो, दोघांपैकी निदान एक जण हयात असेल का? हॅलीच्या कोष्टकात सत्तरीच्या माणसाने दहा वर्षांत जाण्याची शक्यता ०.७११. दोघेही सत्तरीचे असतील तर दोघेही गेलेले असण्याची शक्यता ०.७११ गुणिले ०.७११, म्हणजे ०.५०६. म्हणजे निदान एक जण हयात असण्याची शक्यता ०.४९४. एकट्याची होती ०.२८९. दहाव्या वर्षीचा हप्ता देण्याची शक्यता इतकी वाढली, तर किंमतही वाढणारच.

कोष्टक कोणाचं?

गुणाकार-बेरीज चोख असूनही किंमत चुकते, ती बहुतेक वेळा कोष्टक चुकीच्या माणसांचं असल्यामुळे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या सरकारने तहहयात पेन्शन विकून कर्जं उभारली आणि तीही वय न पाहता एकाच दराने. पैसे देणारा एक आणि ज्याच्या हयातीवर हप्ता अवलंबून तो दुसरा, अशी सोय त्यात होती. जिनीव्हाच्या सावकारांनी ही सोय हेरली. त्यांनी शहरातल्या सुखवस्तू घरांतल्या तीस लहान मुली निवडल्या. देवी येऊन गेलेल्या किंवा टोचून घेतलेल्या, आई-वडील दीर्घायुषी, घरचा डॉक्टर चांगला. या तीस जणींच्या नावांवर प्रचंड रकमा लावल्या गेल्या आणि त्यांचे वाटे पुन्हा गुंतवणूकदारांना विकले गेले. सरकार जणू सर्वसाधारण फ्रेंच माणसाच्या हयातीचा भाव लावत होतं आणि हप्ते देत होतं युरोपातल्या सर्वांत सुदृढ मुलींच्या हयातीवर. पुढे फ्रेंच राज्यक्रांती झाली, हप्ते घसरत्या कागदी नोटांत मिळू लागले आणि सावकारही बुडाले. पण त्याआधी फ्रान्सच्या तिजोरीला या व्यवहाराचा फटका बसलेला होता.

इतकं जाणूनबुजून कोणी केलं नाही, तरी हीच गोष्ट हळूहळू घडत असते. तब्येत ठणठणीत आहे, घरात नव्वदीपर्यंत जगण्याची परंपरा आहे, असा माणूस तहहयात पेन्शन घ्यायला पुढे येतो. हृदयाचं दुखणं असलेला मुदत ठेव करतो. म्हणून पेन्शन घेणाऱ्यांचं कोष्टक आयुर्विमा घेणाऱ्यांच्या कोष्टकापेक्षा वेगळं असावं लागतं. भारतात ॲन्युइटी घेतलेल्या लोकांच्याच अनुभवावरून २०१२-१५ चं वेगळं कोष्टक तयार केलेलं आहे. आयुर्विम्यात मृत्यू जरा जास्त धरले तर कंपनी सुरक्षित राहते. पेन्शनमध्ये तेच केलं तर ती बुडते, कारण माणसं अंदाजापेक्षा जास्त जगतात आणि हप्ते संपत नाहीत.

दुसरी उणीव हॅलीच्या कोष्टकातच होती आणि आजच्या कोष्टकांतही डोकावते. ब्रेस्लाऊच्या पाच वर्षांतल्या ऐंशीच्या माणसांचे मृत्यू मोजून आज साठीच्या माणसाला ऐंशीपर्यंत नेलं जातं. पण आजच्या साठीच्या माणसाला ऐंशी गाठायला वीस वर्षं आहेत, आणि त्या वीस वर्षांत औषधोपचार सुधारले तर मोजलेलं कोष्टक जुनं पडतं. म्हणून विमा गणिती कोष्टकातल्या मृत्यूंचं प्रमाण पुढच्या वर्षांसाठी आणखी कमी करून घेतात. ही कपात कमी केली की कंपनी धोक्यात येते, आणि जास्त केली की पेन्शन महाग होते. पेन्शनच्या भावात सर्वांत मोठी अनिश्चितता इथेच असते.

खरेदी किंमत परत घ्यावी का?

एनपीएसमधून निवृत्त होणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याला, लहान रकमांचा अपवाद सोडला तर, साठलेल्या पैशांपैकी किमान ४० टक्के रकमेची ॲन्युइटी घ्यावी लागते. तेव्हा समोर पर्यायांचा कागद येतो. त्यात दोन मुख्य. एकात तहहयात पेन्शन आणि माणूस गेला की सगळं संपलं. दुसऱ्यात तहहयात पेन्शन, शिवाय माणूस गेल्यावर मूळ खरेदी किंमत वारसाला परत. घरात चर्चा होते ती बहुधा एवढीच की पैसे बुडायला नकोत, आणि दुसऱ्या पर्यायावर बोट ठेवलं जातं.

आपल्या सत्तरीच्या माणसावरून दोन्ही पर्याय मांडू. पहिल्यात ५२२ पौंडांना दरसाल १०० मिळतात. दुसऱ्यात मुद्दल अखेर परत द्यायचं असल्यामुळे पेटीतून फक्त व्याज काढता येतं. ५२२ चे सहा टक्के म्हणजे ३१ पौंड. १०० विरुद्ध ३१. दुसऱ्या पर्यायात गेलेल्यांचा वाटा उरत नाही, कारण जो जातो त्याचे पैसे त्याच्या वारसाबरोबर निघून जातात. हयातीच्या शक्यतेला मग किमतीत फारसं काम उरत नाही. म्हणूनच खरेदी किंमत परत देणाऱ्या पेन्शनचे दर साठीला आणि सत्तरीला जवळपास सारखेच दिसतात, आणि मुद्दल सोडून देणाऱ्या पेन्शनचे दर वयानुसार भरभर चढतात. दोन वयांचे दर शेजारी शेजारी ठेवले की हे लगेच ओळखू येतं.

या ५२२ ची फोड करू. दरसाल ३१ पौंड तहहयात मिळण्याची आजची किंमत, आपल्याच भावाने, सुमारे १६४ पौंड. उरलेले ३५८ पौंड, म्हणजे दोन तृतीयांशाहून जास्त, वारसांना पुढे मिळणाऱ्या रकमेची आजची किंमत आहे. पेन्शन म्हणून घेतलेल्या वस्तूतला मोठा हिस्सा वारसांची ठेव निघाला. सतराव्या शतकातल्या ब्रेस्लाऊमध्ये सत्तरीनंतरचं आयुष्य थोडं होतं, म्हणून तिथे हा हिस्सा इतका मोठा दिसतो. आज माणसं जास्त जगतात, शिवाय साठीला घेतलेल्या पेन्शनमध्ये वारसांची रक्कम आणखी लांब जाते, त्यामुळे तो कमी भरेल. फोड करायची रीत मात्र हीच.

वारसांसाठी ठेवण्यात गैर काहीच नाही. घरात अपंग मूल असेल, हातावर पोट असलेला मुलगा असेल किंवा स्वतःची तब्येत तोळामासा असेल, तर तोच पर्याय योग्य. मुलं मार्गी लागली आहेत, तब्येत बरी आहे आणि दरमहाचा खर्च पेन्शनीवरच चालायचा आहे, अशा माणसाने मात्र दोन्ही पर्यायांचे आकडे एकाच रकमेसाठी, एकाच दिवशी, कंपनीकडून लेखी मागून घ्यावेत. जोडीदारासह चालणाऱ्या पेन्शनचेही तसेच दोन आकडे मागावेत. मुद्दल सोडून देणाऱ्या पर्यायात वर्षाला जेवढे जास्त रुपये मिळतात, तेवढी दरवर्षीची रक्कम आपण हयातीत सोडतो आहोत आणि त्याच्या बदल्यात वारसांना ठरलेली रक्कम मिळणार आहे. हे दोन आकडे समोर ठेवून निर्णय करावा. तो कुठलाही झाला, तरी कोण काय देतो आणि काय घेतो, हे ठाऊक असून केलेला असेल.